‘त्या वेळी हा आयपी तुमचाच होता’ हे नेट कंपनी ठरवते कसं?

गोविंदनगरकर

मंडळी, जरा चक्रावलोय. माझा एक फ्लॅट इंदिरानगरला आहे, तो इंजिनिअरिंगच्या मुलांना भाड्याने दिलाय. नेटचं कनेक्शन माझ्या नावावर. परवा सायबर पोलीस ठाण्यातून फोन आला की अमुक तारखेला रात्री सव्वाबाराच्या सुमारास तुमच्या कनेक्शनवरून कुणाचं तरी अकाउंट उघडलं गेलंय, तेव्हा येऊन भेटून जा. बोलले व्यवस्थित, दमदाटी काही नाही.

मुलांचं मी बघतो. माझा प्रश्न वेगळा आहे. आमचा केबलवाला गेली दोन वर्षं सांगतोय की "काका, तुमचा आयपी फिरता आहे, राऊटर बंद-चालू केला की बदलतो." मग इतक्या महिन्यांनी, सेकंदासकट, तो आयपी माझ्याच घरी होता हे कंपनी कशावरून सांगते? आणि त्यात चूक होऊ शकते का?

पंचवटी_एक्सप्रेस

सोपं आहे काका. आयपी फिरता असला तरी एका वेळी एक आयपी एकाच घरी असतो. कंपनीकडे रजिस्टर असतं, कुठला आयपी किती ते किती वाजेपर्यंत कुणाकडे होता याचं. शिवाय प्रत्येक मोबाइलचा मॅक ॲड्रेस वेबसाइटला दिसतो, त्यावरून कुठल्या पोराचा फोन होता तेही निघतं. चूक व्हायला जागा नाही.

सातपूरचा_सदू

माझाही आयपीचाच प्रॉब्लेम आहे. दुकानात चार कॅमेरे लावलेत, डीव्हीआरवाला म्हणतो पोर्ट फॉरवर्ड करा म्हणजे घरून दिसेल. राऊटरमध्ये सगळं केलं, तरी दिसत नाही. कंपनी म्हणते स्टॅटिक आयपी घ्या, महिन्याचे जादा पैसे द्या. ही लूट नाही का?

रात्रपाळी

पंचवटी, रजिस्टरचं बरोबर आहे. बाकी दोन्ही गोष्टी चुकल्या. मी नाशिकमधल्याच एका लहान नेट कंपनीच्या नियंत्रण कक्षात बरीच वर्षं काढली आहेत आणि पोलिसांच्या पत्रांना उत्तरं काढून द्यायचं काम माझ्याकडेच असायचं.

आधी मॅकचं. तुमच्या मोबाइलचा मॅक घरच्या राऊटरपर्यंतच जातो, वेबसाइटला तो कधीच दिसत नाही. आम्हालासुद्धा दिसायचा तो फक्त राऊटरचा मॅक. त्यामुळे कुठल्या पोराचा फोन, हे कंपनीच्या नोंदीतून निघत नाही. कनेक्शन कुणाचं, इथे आमचं काम संपतं.

दुसरं, एका वेळी एक आयपी एका घरी, हे आता बहुतेक ठिकाणी राहिलेलं नाही. जुन्या पद्धतीचे पत्ते महाग आणि तुटपुंजे, म्हणून लहान कंपन्या एकच पब्लिक आयपी पन्नास-साठ घरांत वाटतात. घराला आतला पत्ता मिळतो, बहुधा 100.64 ने सुरू होणारा. कंपनीच्या टोकाला सीजीनॅटचं यंत्र बसलेलं असतं, ते या सगळ्यांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागून इंटरनेटवर सोडतं. कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं हे ते पोर्ट नंबरावरून ओळखतं. सोसायटीचा पत्ता एकच आणि पत्रावर फ्लॅट नंबर नसेल तर वॉचमन काय करणार, तसं पोर्टशिवाय आमचं व्हायचं.

(सदू, तुमचं पोर्ट फॉरवर्ड चालत नाही तेही याचमुळे. बाहेरचा आयपी तुमच्या एकट्याचा नाहीच.)

सिडकोची_सून

मला पण हवंय हे. एक माणूस फेक अकाउंटवरून सारखे मेसेज पाठवून त्रास देतोय. त्याला एक लिंक पाठवून मी त्याचा आयपी काढलाय. तो आपल्याच नाशिकच्या कंपनीचा निघाला. त्यांच्या ऑफिसात जाऊन विचारलं तर नाव सांगतील का?

वकीलवाडा

ताई, नाही सांगणार आणि सांगायलाही नको. ग्राहकाचं नाव मागायचं ते तपास अधिकाऱ्याने लेखी, कलम सांगून. सध्या हे पत्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली जातं. १ जुलै २०२४ च्या आधी तेच सीआरपीसीचं कलम ९१ होतं. तुम्ही सायबर ठाण्यात किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करा. १९३० ला फोन नको, तो पैशाच्या फसवणुकीसाठी आहे. प्रोफाइलची लिंक, मेसेजचे स्क्रीनशॉट आणि तुम्ही काढलेला आयपी नेमक्या वेळेसकट जोडा. आणि कृपा करून ते अकाउंट ब्लॉक करण्याआधी सगळं जपून ठेवा.

सिडकोची_सून

वेळ फक्त "काल संध्याकाळी" एवढीच लक्षात आहे. त्या लिंकच्या पानावर असेल, बघते.

रात्रपाळी

बघाच, आणि तिथे वेळेपुढे काय लिहिलंय तेही बघा. खरी मेख तिथेच असते. गोविंदनगरकर काकांच्या "चूक होऊ शकते का" याचं उत्तरही त्यातच आहे. एक प्रकरण आकडे बदलून सांगतो.

पत्र आलं: आयपी 203.0.113.27, पोर्ट 41877, दिनांक १४ मार्च २०२५, वेळ १८:४७:०९, वापरकर्त्याचा तपशील द्यावा. पोर्ट दिलेला होता, म्हणजे आमच्या दृष्टीने उत्तम पत्र. आमचं सीजीनॅट प्रत्येक जोडणीची वेगळी नोंद ठेवत नसे, तसं केलं तर डिस्क भरून वाहतील. ते प्रत्येक घराला पोर्टांचा एक गठ्ठा द्यायचं, आणि गठ्ठा दिला कधी, परत घेतला कधी, एवढंच लिहायचं. त्या पोर्टचा गठ्ठा शोधला तर हे निघालं:

```
Mar 14 18:40:11 cgn1 ALLOC   100.64.9.57  203.0.113.27 41344-43359
Mar 14 18:58:03 cgn1 RELEASE 100.64.9.57  203.0.113.27 41344-43359
Mar 15 00:09:52 cgn1 ALLOC   100.64.8.116 203.0.113.27 41344-43359
Mar 15 00:31:20 cgn1 RELEASE 100.64.8.116 203.0.113.27 41344-43359
```

पत्रातली वेळ आपली घड्याळाची धरली तर संध्याकाळी पावणेसातचा माणूस, म्हणजे 100.64.9.57. झालं काम, द्या नाव. पण परदेशी कंपन्या पोलिसांना जे उत्तर देतात त्यात वेळ बहुतेक यूटीसीत असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत. ठाण्यात तो तक्ता पत्रात उतरवताना "UTC" ही तीन अक्षरं गळाली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. यूटीसी धरून साडेपाच तास मिळवले की होतात १५ मार्चचे ००:१७:०९. तारीखच बदलली, आणि माणूसही. आता तो 100.64.8.116.

दोन्ही वेळांना तो गठ्ठा कुणाकडे तरी होता, म्हणून नुसता लॉग बघून चूक कळणं शक्य नाही. गठ्ठा एका वेळी मोकळा असता तर निदान शंका तरी आली असती. आम्ही ठाण्याला फोन करून मूळ उत्तराची प्रत मागवली. त्यात वेळेपुढे स्पष्ट यूटीसी होतं. संध्याकाळचा जो माणूस निघत होता तो धुळवडीच्या दिवशी घरी बसून मॅच बघत असेल बिचारा, त्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

पंचवटी_एक्सप्रेस

मॅकचं मान्य. पण मग वेळ जुळली, पोर्ट जुळला, 100.64.8.116 मिळाला. आता तरी चूक नाही ना? तो आतला पत्ता तर एकाच घरी असणार.

रात्रपाळी

एका वेळी एकाच घरी असतो, हो. पण कुणाच्या घरी, ते दुसऱ्या यंत्राला विचारावं लागतं. राऊटर यूजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन करतो तेव्हा रेडियस सर्व्हरवर सेशन सुरू झाल्याची ओळ पडते, मग दर दहा मिनिटांनी "अजून चालू आहे" म्हणून तीच ओळ ताजी होते, आणि राऊटर बंद झाला की सेशन संपल्याची वेळ लागते. आम्ही विचारायचो असं:

```
SELECT username, acctstarttime, acctupdatetime, acctstoptime
FROM radacct
WHERE framedipaddress = '100.64.8.116'
  AND acctstarttime <= '2025-03-15 00:17:09'
  AND (acctstoptime IS NULL
       OR acctstoptime >= '2025-03-15 00:17:09');
```

उत्तरात एक ओळ यायला हवी. आल्या दोन:

```
nsk2207 | 2025-03-12 21:03:40 | 2025-03-13 16:23:41 | NULL
nsk3419 | 2025-03-14 23:51:06 | 2025-03-15 02:11:07 | 2025-03-15 02:14:48
```

एकच आतला पत्ता, एकाच क्षणी, दोन घरी. हे होऊच शकत नाही, मग एक ओळ खोटी. पहिल्या ओळीत शेवटची वेळ रिकामी आहे, म्हणजे सर्व्हरच्या मते ते सेशन अजून चालूच आहे. पण तिसरा रकाना बघा. दर दहा मिनिटांनी ताजी होणारी ओळ १३ तारखेच्या दुपारी ४:२३ नंतर हललेलीच नाही. त्या दिवशी त्या भागात लाईट गेली होती, यूपीएस बसला आणि आमचं जोडणीचं यंत्र धाडकन बंद पडलं. बंद पडलेलं यंत्र "सेशन संपलं" हे कळवणार कसं? ओळ उघडीच राहिली. आम्ही अशा ओळींना भुतं म्हणायचो. पुढे तोच पत्ता यंत्राने दुसऱ्या घराला देऊन टाकला.

आणखी एक ताळा केला. nsk2207 चं नाव त्याच टेबलात शोधलं, तर १३ तारखेला लाईट आल्यावर त्याचं नवं सेशन सुरू झालेलं होतं, वेगळ्या पत्त्यावर, आणि ते १५ च्या सकाळपर्यंत दर दहा मिनिटांनी ताजं होत होतं. एका राऊटरची दोन सेशनं असत नाहीत. म्हणून उत्तर nsk3419.

आता विचार करा, घाईतल्या माणसाने पहिलीच ओळ उचलून पत्राला उत्तर दिलं असतं तर?

गोविंदनगरकर

बापरे. म्हणजे माझं नावही असंच भूत असू शकतं?

वकीलवाडा

काका, असू शकतं, पण लगेच तसं धरून चालू नका. तुम्हाला बोलावलंय ते आधी माहिती द्यायला. कनेक्शन कुणाच्या नावावर, घरात राहतं कोण, पासवर्ड कुणाकुणाकडे, हे विचारतील. भाडेकरार, मुलांची आधारची प्रत आणि पोलिसांकडे दिलेली भाडेकरूंची माहिती सोबत न्या. कनेक्शन तुमचं म्हणजे कृत्य तुमचं, असं कायदा म्हणत नाही. ते वेगळं सिद्ध करावं लागतं.

नोंदीवर शंका असेल तर ती योग्य वेळी विचारता येते. कंपनीने दिलेल्या इलेक्ट्रॉनिक नोंदीला कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आधीचं ६५ ब. नव्या नमुन्यात त्या फाइलची हॅश किंमतही लिहावी लागते. फाइल नंतर बदलली नाही हे त्यातून कळतं. मूळ लॉगमधून ओळ उचलताना चुकीची उचलली का, हे मात्र त्यातून कळत नाही. उलटतपासणीत मी विचारीन ते दुसरं. रात्रपाळींनी दाखवलेल्या त्या NULL च्या ओळीवर अर्धा तास काढता येईल.

मखमलाबादचा_मळेकरी

एक शंका. इतक्या महिन्यांपूर्वीचं सगळं ठेवतात का खरंच? आमच्याकडचा केबलवाला बिलाची पावतीसुद्धा देत नाही.

रात्रपाळी

ठेवावं लागतं. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशात १८० दिवसांचे लॉग आहेत. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून आयपीच्या नोंदी निदान दोन वर्षं ठेवायला सांगितल्या. तुमचा केबलवाला बहुतेक कुणा मोठ्या परवानाधारकाचा फ्रँचायझी असेल, मग लॉग त्या वरच्या कंपनीकडे असतात, त्याच्याकडे नाही. पत्रही तिकडेच जातं.

त्याच सर्ट-इनच्या निर्देशात घड्याळांचाही मुद्दा आहे. एनआयसी किंवा एनपीएलच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी यंत्रांची वेळ जुळवा. लोक हे वाचून सोडून देतात. सीजीनॅटचं घड्याळ मिनिटभर मागे असेल आणि पोर्टांचा गठ्ठा परत घेतल्याबरोबर दुसऱ्याला दिला असेल, तर त्या मिनिटात झालेल्या कृत्याला शेजारी अडकतो. म्हणून मी नेहमी बघायचो की मागितलेली वेळ गठ्ठ्याच्या सुरुवातीला किंवा शेवटाला चिकटून आहे का. वरच्या उदाहरणात ००:१७:०९ ला आधी सात मिनिटं आणि पुढे चौदा मिनिटं मोकळी आहेत, म्हणून मी निर्धास्त होतो. दोन सेकंदांचं अंतर असतं तर नाव देताना खाली शेरा लिहिला असता.

आणि लॉगच्या ओळी पुन्हा बघा. त्यात साल नाही, कुठल्या देशाची वेळ तेही नाही. बरीच यंत्रं अजून असंच लिहितात. ओळ ज्या सर्व्हरवर गोळा होते त्याने स्वतःची वेळ शेजारी लिहिली असेल तर दोन्हींतला फरक बघून यंत्र किती मागे-पुढे आहे ते कळतं. आमच्याकडे लिहीत होता, नशीब.

ओझरचा_ओंकार

मीही याच धंद्यात आहे, वेगळ्या कंपनीत. रात्रपाळींचं सगळं बरोबर, पण त्यांना पोर्टवालं पत्र मिळालं हे त्यांचं भाग्य. आमच्याकडे बहुतेक पत्रांत पोर्ट नसतोच. दोष पोलिसांचाही नाही, समोरच्या वेबसाइटने पोर्ट लिहून ठेवलेला नसतो. सर्व्हरवाल्यांनी आयपीबरोबर पोर्ट आणि सेकंदापर्यंत वेळ नोंदवावी, ही शिफारस आरएफसी ६३०२ मध्ये २०११ पासून आहे. ऐकतो कोण?

अशा वेळी आम्ही त्या क्षणी त्या आयपीमागे असलेल्या सगळ्या ग्राहकांची यादी देतो. बत्तीस असतील तर बत्तीस. पुढचं तपास अधिकाऱ्याने बघावं.

रात्रपाळी

ओंकार, इथे माझं तुमच्याशी पटत नाही. बत्तीस घरांची नावं-पत्ते-मोबाइल नंबर एका कागदावर जातात, त्यातली एकतीस निव्वळ शेजारी म्हणून. त्यातल्या एखाद्यावर पूर्वीची केस असेल तर आधी त्याचंच दार वाजणार. आम्ही "एवढ्या माहितीवरून एक ग्राहक निश्चित करता येत नाही, पोर्ट किंवा समोरच्या सर्व्हरचा पत्ता कळवावा" असं लेखी द्यायचो.

ओझरचा_ओंकार

समोरच्या सर्व्हरचा पत्ता कळवून तुम्हाला उपयोग काय? तुम्ही गठ्ठा पद्धतीने लिहिता, त्यात ग्राहक कुठे गेला हे लिहिलेलंच नसतं.

रात्रपाळी

गठ्ठ्याच्या लॉगला नाही उपयोग, खरंय. सीजीनॅट लिहीत नसलं तरी आमच्याकडे त्याच्या बाहेर जोडण्यांची वेगळी नोंद होती, तिच्यात लागायचा. पण तुमच्या त्या बत्तीस जणांतले पाच-सहा त्याच मिनिटाला त्याच मोठ्या सर्व्हरकडे गेलेले असतात, कारण सगळं गाव तीच चार ॲप वापरतं. यादी आखूड होते, एकावर येत नाही.

ओझरचा_ओंकार

म्हणजे पाच-सहा नावं तुम्हीही देताच की! मग फरक संख्येचा राहिला. आणि पत्र अपहरणाच्या प्रकरणाचं असेल तेव्हा "निश्चित करता येत नाही" म्हणून हात झटकायचे का? मी नाही झटकणार.

वकीलवाडा

दोघांचीही पद्धत चालताना मी पाहिली आहे. पत्रात काय मागितलंय त्यावर बरंच असतं. "वापरकर्ता कोण" विचारलं असेल तर बत्तीस नावं हे त्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. "त्या वेळी हा आयपी वापरणारे सर्व" असं मागितलं असेल तर देणं भाग आहे. यादी द्यायचीच असेल तर आयपी सामायिक होता आणि यातला नेमका कोण हे कंपनी सांगू शकत नाही, हे पहिल्याच ओळीत ठळक लिहा. मी पाहिलेल्या एका उत्तरात ते शेवटच्या पानावर तळटीपेत होतं.

सिडकोची_सून

त्या लिंकच्या पानावर वेळ मिळाली. २१:१२:४८ आणि पुढे +05:30 असं आहे. पोर्टबिर्ट काही नाही. आयपी मात्र भलताच लांबलचक आहे, 2401 ने सुरू होणारा, मधे मधे दोन टिंबं.

रात्रपाळी

ताई, मग तुमचं काम सोपं झालं! तो आयपीव्ही६ आहे. तिथे पत्त्यांचा तुटवडा नाही, प्रत्येक घराला स्वतःचा पट्टा मिळतो, त्यामुळे पोर्ट लागत नाही. वेळ आणि तो पूर्ण पत्ता, एकही अक्षर न गाळता, तक्रारीत टाका. हाताने लिहू नका, कॉपी करा. +05:30 म्हणजे आपलीच वेळ, तेही तसंच राहू द्या. फक्त तो मोबाइल डेटावर असेल तर आपली नाशिकची कंपनी कशी निघाली, हे एकदा पुन्हा तपासा. आयपीवरून गाव सांगणाऱ्या साइट गावाच्या बाबतीत बऱ्याचदा फेकतात, कंपनीचं नाव त्या मानाने बरोबर देतात.

गोविंदनगरकर

आज जाऊन आलो. वकीलवाडांनी सांगितलेले कागद उपयोगी पडले. साहेबांना विचारलं की पत्रात पोर्ट होता का आणि वेळ कुठली. पहिल्यांदा माझ्याकडे बघतच राहिले, मग फाइल उघडली. पोर्ट होता. वेळ यूटीसी होती आणि त्यांनी स्वतः साडेपाच तास मिळवून बाजूला पेनने लिहिलंही होतं. म्हणजे त्या बाजूने भूत नाही. कंपनीकडून सेशनच्या ओळी एकच आली की दोन, ते त्यांच्याकडे नव्हतं, फक्त नाव-पत्ता आलाय. ते कंपनीला विचारतो म्हणाले. मुलांपैकी दोघांना उद्या बोलावलंय.

रात्रपाळी

नुसत्या ओळी किती ते नाही, काका, सेशन सुरू, शेवटचं ताजं आणि संपलं, या तिन्ही वेळा मागा म्हणावं. आणि तुमचा राऊटर त्या रात्री बंद नव्हता ना, आठवतंय का? मुलं परीक्षेला गावी गेली असतील तर तेही सांगा.

गोविंदनगरकर

कुठली गावी जातात! तीन पोरं तर रात्रभर जागीच असतात.

सातपूरचा_सदू

माझ्या कॅमेऱ्याचं कुणी बघता का? स्टॅटिक आयपी घेतला तर दिसेल ना नक्की?

ओझरचा_ओंकार

दिसेल सदूभाऊ. पण आधी डीव्हीआरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. नाहीतर कुणीतरी आत शिरून तुमच्याच आयपीवरून उद्योग करेल, आणि स्टॅटिक असल्यामुळे आम्हाला नाव काढायला दोन मिनिटंही लागणार नाहीत.